लंगडत नाही, एक्स-रे जवळपास साफ, तरी बोक्याचे सांधे दुखत असतील का?

प्रश्न: आमचा बंड्या, वय 13, नसबंदी झालेला, वजन 6 किलो. सहा-सात महिने झाले, खिडकीत चढत नाही आणि ट्रेच्या बाहेर शू करतो. लंगडत मात्र अजिबात नाही. एक्स-रेमध्ये "खुब्यात किंचित बदल, बाकी विशेष नाही" असं आलं. क्रिएटिनिन 1.9. तीन दिवस मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक दिलं, फरक वाटला नाही. डॉक्टर म्हणाले वय झालंय. महिन्यातून एकदा द्यायचं नवीन इंजेक्शन निघालंय म्हणे, ते द्यावं का? (ठाणे)

उत्तर: इंजेक्शन बंड्याला चालण्यासारखं आहे, पण मी ते लगेच उद्या देणार नाही. त्याआधी लघवीची एक तपासणी आणि घरी काढलेले दोन आठवड्यांचे व्हिडिओ हवेत. ते नसतील तर इंजेक्शन देऊनही दोन महिन्यांनी तुम्ही "फरक पडला की नाही, कळत नाही" असंच म्हणत असाल. आत्ता मेलॉक्सिकॅमबद्दल म्हणताय तसंच.

लंगडण्यापासून सुरू करतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते. मांजरांमधली सांध्यांची झीज बहुधा जोडीने येते: दोन्ही खुबे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे किंवा दोन्ही घोटे. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर लंगडायचं कुठल्या पायाने? शिवाय मांजर दुखणारी गोष्ट करून दाखवत बसत नाही, ती करायचीच सोडून देतं. उडी मारणं कमी होतं, झोपायची जागा खाली येते, खेळ दोन मिनिटांत आटोपतो. हे सगळं इतकं हळूहळू होतं की घरातल्यांना "शांत झालाय आता" एवढंच दिसतं. म्हणून मांजराने काय करायचं सोडलं, हे शोधावं लागतं.

उडीकडे नीट बघा. आणि डोळ्यांनी बघू नका, फोनवर स्लो मोशनमध्ये घ्या. धडधाकट मांजर वर एक नजर टाकतं, बसकण मारतं आणि उडतं; मागचे पाय काठाच्या वर येऊनच टेकतात. खुबा किंवा गुडघा दुखणारं मांजर खाली उभं राहून दोन-तीनदा अंदाज घेतं, मागच्या पायांवर वजन टाकतं, पुन्हा उठतं, कधी चक्क निघून जातं. उडालंच तर पुढचे पंजे काठावर पोहोचतात आणि उरलेलं अंग ते नखांनी वर ओढून घेतं. तुमच्या खिडकीच्या कट्ट्याच्या रंगावर किंवा सोफ्याच्या कापडावर नव्या ओरखड्यांच्या रेघा असतील तर त्या बहुतेक याच्याच. उतरताना उलटं बघायचं. कोपर दुखत असेल तर मांजर पुढचे पाय भिंतीवरून किंवा कपाटाच्या दारावरून जमेल तितके खाली सरकवतं आणि उरलेल्या वीतभर अंतरासाठी अंग सोडून देतं. चढणं बिघडलं असेल तर मागच्या पायांचा संशय जास्त, उतरणं बिघडलं असेल तर पुढच्या. शंभर टक्के खरं नाही, पण तपासताना कुठे जास्त वेळ द्यायचा हे त्यावरून ठरतं.

आता ट्रे. त्याची कड जमिनीपासून किती उंच आहे ते पट्टीने मोजा. बाजारातल्या बऱ्याच ट्रेची कड 12 ते 18 सेंटीमीटर असते, झाकणवाल्यांची त्याहून जास्त. बंड्या पुढचे दोन पाय आत ठेवून मागचे बाहेरच ठेवत असेल, तर शू बरोबर ट्रेच्या तोंडाशी, बाहेर पडते. आत जाऊन पुरतं न वाकता, उभ्यानेच करत असेल तर ती कडेवरून मागे उडते. या दोन्हींत तो ट्रेपर्यंत जातोय, म्हणजे सवय मोडलेली नाही. पलंगावर, पायपुसण्यावर, घरात भलतीकडेच होत असेल तर मूत्राशयाचा त्रास आधी तपासायचा. आणि बोका ट्रेमध्ये बसून कुंथतोय, थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकत नाही.

अंगावरून हात फिरवा. कमरेवर, शेपटीच्या मुळाशी केस गुंतलेले, कोंडा दिसणारे, आणि मान-छाती मात्र चकचकीत: म्हणजे पाठ वळवून चाटणं जमत नाहीये. मागच्या पायांची नखं चादरीत अडकत असतील, फरशीवर टकटक वाजत असतील, तर तीही हालचाल कमी झाल्याची खूण. मांड्या दोन्ही हातांनी धरून बघा. कमरेचं हाड हाताला टोचतंय आणि पोट मात्र लोंबतंय, हे 6 किलोच्या बोक्यात नेहमी दिसतं. वजनकाटा चरबी मोजतो, गेलेला स्नायू त्यात दिसत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. झीज महिन्यामहिन्यांनी वाढते. मागचे पाय अचानक लुळे पडले, गार लागले, मांजर ओरडतंय, तर ते हृदयातून सुटलेल्या गुठळीचं लक्षण असू शकतं, तेव्हा तासांचा हिशेब असतो. आणि मागचे पाय घोट्यापासून जमिनीला टेकवून चालत असेल तर रक्तातली साखर बघा.

एक्स-रे काय सांगतो, काय नाही

फिल्मवर हाड दिसतं. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा दिसत नाही, सांध्याच्या आतलं सुजलेलं अस्तर दिसत नाही, दुखणं तर दिसतच नाही. झीज बरीच पुढे गेल्यावर हाडाच्या कडेला नवं हाड उगवतं, ते आपल्याला दिसतं. मांजरांमध्ये हे नवं हाड कुत्र्यांइतकं उगवतही नाही. मेलेल्या मांजरांचे सांधे उघडून ते त्यांच्याच फिल्मशी ताडून पाहिलेत, तेव्हा फिल्म साफ असलेल्या कितीतरी सांध्यांत, विशेषतः गुडघ्यांत, कूर्चा खराब झालेली सापडली.

दुसऱ्या बाजूने बघाल तरी तीच अडचण. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 12 वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे पाहिले होते. 90 जणांच्या फिल्मवर सांध्यांची झीज होती. म्हणजे या वयात फिल्मवर बदल सापडणं नेहमीचंच आहे, त्यावरून ही झीज आज दुखतेय असं म्हणता येत नाही. "किंचित बदल" असलेला बंड्या खूप दुखणारा असू शकतो, आणि फिल्म भयंकर दिसणारं मांजर कपाटावर झोपलेलं असू शकतं.

बंड्याची फिल्म कशी काढली, हेही विचारा. बहुतेक वेळा मांजराला कुशीवर दाबून धरतात आणि नाकापासून शेपटीपर्यंत एकच फिल्म घेतात. त्यात दोन्ही खुबे एकमेकांवर येतात, कोपरं छातीच्या सावलीत जातात, आणि अंग ताठ धरलेल्या मांजराचा गुडघा वाकडाच येतो. त्यावर "विशेष नाही" या शेऱ्याला फार अर्थ नाही. कामाची फिल्म म्हणजे ज्या सांध्यावर संशय आहे त्याचीच, दोन काटकोनी दिशांनी, आणि हलकी गुंगी देऊन. कोपराच्या फिल्मवर बाहेरच्या बाजूला एक छोटा गोल ठिपका दिसतो, तो बऱ्याच मांजरांत स्नायूतलं नेहमीचं तिळासारखं हाड असतं. तो पाहून झिजेचं निदान झालेलीही मांजरं असतात.

मग एक्स-रे काढायचाच नाही का? काढायचा, पण दुसऱ्या कारणासाठी. हाडाची गाठ, जुनं फ्रॅक्चर, सुटलेला खुबा, मणक्यातला बिघाड यांपैकी काही नाही ना, हे बघण्यासाठी. दुखतंय का, हे हातांनी तपासून आणि वागण्यातून ठरतं. तपासतानाही एक गोम आहे: खुबा मागे ताणला की कमरेचा शेवटचा मणकाही ताणला जातो. मांजर फिसकारलं तर खुब्यामुळे की कमरेमुळे? म्हणून खुबा दुमडलेला ठेवून कमरेवर वेगळा दाब द्यायचा, आणि खुबा बाजूला उघडून वेगळा बघायचा. ही तपासणी मांजर खोलीत पाच-दहा मिनिटं मोकळं फिरल्यावर, सर्वांत शेवटी करायची. घाबरलेलं मांजर सगळीकडेच ताठ असतं.

क्रिएटिनिन 1.9

हा आकडा एकटा अपुरा आहे. मूत्रपिंडाच्या आजाराच्या आयरिस वर्गवारीत 1.6 ते 2.8 हा दुसरा टप्पा धरतात, पण लघवी किती घट्ट आहे हे त्याच्या जोडीला लागतं. निरोगी मांजराची लघवी बहुधा 1.035 च्या वर असते. बंड्याची 1.045 आली तर माझी काळजी बरीच कमी होईल, 1.015 आली तर मूत्रपिंड मागे पडतंय असं धरून चालेन. आणि स्नायू कमी झालेल्या मांजरात क्रिएटिनिन असतं त्यापेक्षा चांगलं दिसतं, कारण ते स्नायूतूनच तयार होतं. म्हणून लघवीची घनता, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब आणि या वयात थायरॉइड, एवढं एकदा करून घ्या.

मेलॉक्सिकॅमचे तीन दिवस

तीन दिवसांत जुन्या दुखण्याची परीक्षा होत नाही. महिनोन्‌महिने न वापरलेला पाय आणि "उडी मारली की दुखतं" ही शिकलेली भीती सुटायला वेळ लागतो. मी किमान तीन-चार आठवडे धरतो. युरोपात मांजरांसाठी मान्य असलेला दीर्घकाळचा डोस पहिल्या दिवशी किलोमागे 0.1 मिग्रॅ आणि मग रोज 0.05 मिग्रॅ असा आहे. बरेच जण पुढे तो आणखी खाली आणतात, जितक्या कमीत चालेल तितकं. अमेरिकेत मात्र मांजरांना हे औषध वारंवार तोंडाने देण्याविरुद्ध लेबलवर ठळक इशारा आहे, मूत्रपिंडाच्या भीतीने. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून, तपासण्या पाहून, डॉक्टरांनीच ठरवायचं.

घरी चूक होते ती मोजण्यात. मांजरांचं द्रावण मिलीमागे 0.5 मिग्रॅचं, कुत्र्यांचं 1.5 चं. 6 किलोच्या बंड्याला 0.3 मिग्रॅ म्हणजे मांजरांच्या बाटलीतलं 0.6 मिली. तेच 0.6 मिली कुत्र्यांच्या बाटलीतून गेलं तर 0.9 मिग्रॅ, तिप्पट. शिवाय काही बाटल्यांसोबतची सिरिंज मिलीऐवजी किलोत आखलेली असते. तिच्यावरचा 6 म्हणजे सहा किलोचा डोस. बाटली बदलली की सिरिंजही तिचीच वापरा. औषध खाण्याबरोबरच द्यायचं. बोका जेवला नाही, उलटी झाली, जुलाब लागले, तर त्या दिवशी डोस नाही आणि डॉक्टरांना फोन.

महिन्याचं इंजेक्शन

याचं नाव फ्रुनेव्हेटमॅब, विकलं जातं सोलेन्सिया नावाने. युरोपात 2021 मध्ये आणि अमेरिकेत जानेवारी 2022 मध्ये मान्यता मिळाली. दुखऱ्या सांध्यात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचं प्रथिन वाढतं आणि ते वेदनेच्या मज्जातंतूंना हुळहुळं करून ठेवतं. साधी हालचालही मग दुखते. हे औषध म्हणजे त्या प्रथिनाला पकडून बाजूला करणारी प्रतिपिंडं. शरीर ती इतर प्रथिनांसारखीच मोडून टाकतं, मूत्रपिंडावर फारसा भार येत नाही. बंड्यासारख्याच्या बाबतीत हाच त्याचा मोठा फायदा. मात्र मूत्रपिंडाच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या मांजरांत ते तपासलेलं नाही, म्हणून आधी लघवी बघा म्हणतोय.

डोस किलोमागे किमान 1 मिग्रॅ, कातडीखाली, महिन्यातून एकदा. एका कुपीत 7 मिग्रॅ असतं, म्हणजे अडीच ते सात किलोपर्यंतच्या मांजराला एक कुपी, बंड्याला एकच. कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. दवाखान्याने ती कुठून आणली, वाटेत थंड राहिली का, हे निःसंकोच विचारा. एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. कुत्र्यांसाठी याच तऱ्हेचं वेगळं इंजेक्शन आहे, ते मांजराला चालत नाही: एकाच्या प्रतिपिंडांना दुसऱ्याचं शरीर परकं मानतं.

त्रास दिसतो तो बहुधा कातडीचा: डोकं-मानेला खाज, केस जाणं, खपल्या. एवढं खाजवतो की जखम होते, असं झालं तर पुढचा डोस थांबवायचा. माणसांमध्ये याच जातीच्या औषधांच्या चाचण्यांत काहींचे सांधे झपाट्याने झिजले, विशेषतः सोबत नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या चालू असताना. मांजरांत तसं सिद्ध झालेलं नाही. तरी मेलॉक्सिकॅम आणि हे इंजेक्शन महिनोन्‌महिने एकत्र चालवायला मी तयार नसतो. आधी एक, त्याने भागलं नाही तर दुसरं.

आता परिणाम. मान्यतेच्या मोठ्या चाचणीत दुसऱ्या महिन्याअखेर औषध मिळालेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मांजरं मालकांना सुधारलेली वाटली. पण नुसतं पाणी टोचलेल्यांपैकीही जवळपास दोन तृतीयांश तशीच वाटली! औषध कुचकामी आहे असा याचा अर्थ नाही, फरक खरा होता. पण "मला बरा वाटतोय" या तुमच्या किंवा माझ्या मतावर किती विसंबायचं, ते यातून कळतं. पैसे खर्च केलेत, जीव गुंतलाय, आपण सुधारणा शोधतोच.

म्हणून पद्धत अशी. औषधाआधी बंड्यासाठी तीन ठरावीक कामं निवडा: खिडकीत चढणं, सकाळी दिवाणावरून उतरणं, चारही पाय ट्रेमध्ये घेऊन शू करणं. प्रत्येकाचे आठवड्यातून दोन व्हिडिओ, त्याच जागी, त्याच कोनातून, दोन आठवडे. मग औषध. इंजेक्शन असेल तर दोन डोसांनंतर, म्हणजे आठ आठवड्यांनी, पुन्हा तेच व्हिडिओ काढून शेजारी-शेजारी लावा, आणि घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला कुठला आधीचा ते सांगितलेलं नाही. त्याला ओळखता आलं तर फरक आहे.

आणखी एक पडताळा उपयोगी आहे. 2014 मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या गटाने मेलॉक्सिकॅमवर केलेल्या चाचणीत उपचार चालू असताना औषधवाले आणि बिनऔषधवाले दोन्ही गट सुधारलेले दिसले. मालकांना न कळवता औषध काढून घेतल्यावर मात्र खरं औषध घेणारी मांजरं घसरली, आणि ते मालकांच्या लक्षात आलं. सुधारणा हळूहळू येते म्हणून डोळ्याला पटत नाही, घसरण मात्र टोचते. तेव्हा शंका राहिली तर तिसरा डोस डॉक्टरांना सांगून दोन-तीन आठवडे लांबवा आणि बघा. बंड्या पुन्हा खिडकीखाली उभा राहून परत फिरायला लागला, तर उत्तर मिळालं.

गॅबापेंटिन हे तिसरं नाव तुमच्या कानावर येईल. मणक्याचं दुखणं जोडीला असेल तर उपयोग होतो, पण मांजर झोपाळू होतं, मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. दवाखान्यात नेण्याआधी दोन-तीन तास एक डोस दिला तर तपासणी मात्र छान होते. ग्लुकोसामाइनवर मी पैसे घालवणार नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 ला थोडा तरी आधार आहे. आणि दोन्ही हातांनी कान धरून सांगतो, माणसांची पॅरासिटामॉल नको, पाव गोळीसुद्धा नाही. मांजराच्या यकृताला ती निकामी करता येत नाही, रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा रंगच बिघडतो. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड-पंजे सुजतात आणि मांजर जातं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक हेही नाही.

औषधाची वाट न बघता आज करण्यासारखं काम म्हणजे घर. धुण्याचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या, एका बाजूची कड सात-आठ सेंटीमीटरवर अर्धगोल कापा, कापलेली धार टेपने मऊ करा. खिडकीखाली आधी पाट, मग चौरंग, मग स्टूल, प्रत्येक पायरी वीतभर, वर रबरी तळाचं पायपुसणं. गुळगुळीत फरशीवर उडी घेताना मागचे पाय सरकतात, म्हणून उडी मारायच्या जागीही एक चटई. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी. वजन हळूहळू उतरवा, आठवड्याला फार तर 60 ग्रॅम. उपाशी ठेवलेल्या लठ्ठ मांजराचं यकृत बिघडतं. एक मात्र सांभाळा: हे बदल व्हिडिओच्या पहिल्या दोन आठवड्यांच्या आधीच करून टाका. नाहीतर पाटावरून सहज चढलेला बंड्या इंजेक्शनच्या खात्यावर जमा व्हायचा.

आणि दोन डोसांनंतरही व्हिडिओत काहीच बदललं नाही, तर तिसरी कुपी विकत घेऊ नका. गुंगी देऊन कोपरं आणि कमरेचा मणका यांच्या नीट फिल्म काढा; तोवर आपण चुकीच्या जागी बघत होतो, ही शक्यता तेव्हा सर्वांत मोठी असते.